समाधानावर अडकलेले हप्ते

*ताई, मी फूड टेक्नॉलॉजिस्ट आहे. बारा वर्षांची नोकरी गेल्या वर्षी सोडली आणि आता फोंड्याला घरूनच सल्लागार म्हणून काम करते. डिचोलीकडच्या एका काजू कारखान्याला अन्नसुरक्षेची पूर्ण नियमावली लिहून हवी आहे. फी चार लाख. त्यांनी दोन पानांचं अपॉइंटमेंट लेटर पाठवलंय. त्यात १० टक्के आगाऊ, ४० टक्के ‘मसुदा समाधानकारक वाटल्यावर’ आणि ५० टक्के ‘सर्टिफिकेट मिळाल्यावर’ असं आहे. मी तयार केलेलं सगळं, फॉरमॅट आणि पद्धतींसकट, कंपनीचं. कंपनी केव्हाही काम थांबवू शकते आणि तेव्हा फक्त स्वीकारलेल्या कामाचे पैसे देणार. काम संपल्यावर दोन वर्षं गोव्यातल्या दुसऱ्या काजू कारखान्याचं काम घ्यायचं नाही. मालक माझ्या मामांच्या ओळखीतले, माणूस चांगला आहे. फार ताणलं तर काम हातचं जाईल अशी भीती वाटते. सोमवारी या म्हणालेत. सही करू का?*
*– एक वाचक, फोंडा*

या रूपात सही करू नका. कामही सोडू नका. पत्र दुरुस्त होण्यासारखं आहे, आणि मालक खरोखर चांगले असतील तर दुरुस्तीला नाही म्हणायचं त्यांना कारण नाही.

असं पत्र हातात आलं की मी आधी काम थांबवण्याचं कलम वाचते आणि तिथून उलटी मागे येते. तुमच्या पत्राचंही तसंच करून बघू. धरून चला की अठरा कार्यपद्धती लिहायच्या आहेत. कच्च्या बियांची आवक, भाजणी, बिया फोडणं, बोर्मा म्हणजे सुकवणीच्या भट्टीतलं सुकवणं, सोलणी, प्रतवारी, डबे भरणं, पाण्याची तपासणी, कामगारांची वैद्यकीय तपासणी, अशा. तिसऱ्या महिन्यापर्यंत तुम्ही बारा लिहून पाठवल्या. मग कारखान्याने परदेशी बी महाग झाली म्हणून खर्च आवरायला घेतला आणि तुम्हाला मेल आला, काम थांबवा. तुमच्या हाती आगाऊ मिळालेले चाळीस हजार. मसुद्याचा हप्ता ‘समाधानकारक वाटल्यावर’ होता, आणि समाधान झालं असं कोणी लिहून दिलेलं नाही, म्हणून तो मिळणार नाही. आणि बारा कार्यपद्धती? त्या ‘तयार केलेलं सगळं कंपनीचं’ या ओळीने लिहिल्या क्षणापासून त्यांच्या. उद्या दुसऱ्या कोणाकडून उरलेल्या सहा लिहून घेतल्या तरी पत्राप्रमाणे तुम्ही काही बोलू शकत नाही. यातलं एकेक कलम सुटं वाचलं तर नेहमीचंच वाटतं. तिन्ही एकत्र लागली की तुमचे तीन महिने चाळीस हजारांत जातात. असं झालं तर कोर्टात काही मागताच येत नाही असं नाही. फुकट करायचा हेतू नसताना केलेल्या कामाचा फायदा समोरच्याने घेतला तर त्याची भरपाई देण्याची तरतूद करार कायद्याच्या कलम ७० मध्ये आहे. पण ती वाट लांबची, आणि लेखी करारात याच बाबीचं कलम असेल तर ती आणखी अवघड होते.

तेव्हा पहिली दुरुस्ती हप्त्यांची. ‘समाधानकारक’ हा शब्द काढून टाकायला सांगा. पंधराएक वर्षांपूर्वी मी स्वतः एका संस्थेसाठी प्रशिक्षणाची पुस्तिका लिहिली होती, आणि वकील असूनही हा शब्द तसाच सोडला होता. पुस्तिका दिली, ती वापरात आली, तिच्या प्रती वाटल्या गेल्या. पैसे मात्र अकरा महिने नाहीत, कारण ‘समितीने अजून बघितलेली नाही’. समितीने बघावं असं पत्रात कुठेच बंधन नव्हतं आणि किती दिवसांत बघावं हेही नव्हतं. तो अनुभव अजून डोक्यात आहे. म्हणून हप्ता नेहमी अशा गोष्टीला बांधायचा, जी तुम्ही तुमच्या हाताने पूर्ण करू शकता आणि तिसऱ्या माणसाला मोजून दाखवता येते. ‘नियमावली’ हे मोजता येत नाही. ‘परिशिष्ट अ मधल्या यादीप्रमाणे अठरा कार्यपद्धतींचा मसुदा ईमेलने पाठवणे’ हे येतं.

पाठवल्यानंतर कंपनीला बघायला पंधरा दिवस द्या. त्या पंधरा दिवसांत त्यांनी हरकत लेखी कळवायची, आणि ती ठरलेल्या यादीत काय कमी आहे याबद्दलच असायची. हरकत आली नाही तर काम स्वीकारलं असं धरायचं. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या फीमध्ये, तिसरीपासून वेगळे पैसे. पंधरा दिवसांचा आकडा मी मनाने काढलेला नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यातही तोच आहे. सेवा दिल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर सेवा दिली तोच दिवस स्वीकृतीचा मानला जातो. करारात काहीही लिहिलं तरी पैसे त्यानंतर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, आणि घरून काम करणारी सल्लागारही त्यात बसते. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती udyamregistration.gov.in वर आधार आणि पॅनच्या आधारे फुकट होते. मात्र पत्रावर सही करण्याआधी करा. वाद झाल्यावर केलेली नोंदणी आधीच्या करारासाठी चालते का, यावरच कोर्टात वर्षं गेली आहेत. नोंदणीचा नंबर पत्रात तुमच्या नावाखाली छापून घ्या.

आता सर्टिफिकेट. पन्नास टक्के फी त्याच्यावर टांगलेली आहे आणि ते तुमच्या हातात अजिबात नाही. सर्टिफिकेट देणारी संस्था स्वतंत्र असते. ती तुमची नियमावली वाचते, तसंच कच्च्या बियांची बाजू आणि सोललेल्या गराची बाजू यांच्यामध्ये भिंत आहे का तेही बघते. मेटल डिटेक्टर घेतला का, खिडक्यांना जाळ्या लावल्या का, पाण्याचा रिपोर्ट आहे का, हे सगळं तिच्या यादीत असतं. हा खर्च मालकांचा आणि तो कधी करायचा हेही तेच ठरवणार. त्यांनी भिंत पुढच्या वर्षावर ढकलली तर तुमचे दोन लाखही पुढच्या वर्षावर जातात. मालक म्हणतील, ‘पण मला सर्टिफिकेटच हवंय, कागद घेऊन मी काय करू?’ त्यांचं म्हणणं खोटं नाही, त्याला मान द्या. शेवटचा छोटा हप्ता अंतर्गत तपासणीला बांधा. तुम्ही स्वतः एक दिवस कारखान्यात थांबून तपासणी करायची, उरलेल्या त्रुटींची यादी द्यायची आणि त्यातल्या कागदोपत्री त्रुटी पंधरा दिवसांत दूर करायच्या. बाहेरच्या परीक्षकाने तुमच्या लिखाणात चूक काढली तर ती फुकट सुधारून देईन, हेही लिहा. मालकांना खरी हमी एवढीच हवी असते.

चार लाखांची वाटणी मी अशी करीन. सही झाल्यावर एक लाख. कारखाना बघून त्रुटींचा अहवाल दिला की ऐंशी हजार. अठरा कार्यपद्धतींचा मसुदा आणि धोक्यांचं विश्लेषण दिलं की एक लाख वीस हजार. सोलणी-प्रतवारीच्या बायका आणि सुपरवायझर यांची प्रशिक्षण सत्रं झाली की साठ हजार. आणि अंतर्गत तपासणीनंतर चाळीस हजार. जीएसटी लागू असेल तर वेगळा, डिचोलीला येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हे एका ओळीत. तुम्ही जीएसटीत नोंदणीकृत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हप्ता एखादा टप्पा पूर्ण होण्याला जोडलेला असेल तर तो टप्पा पूर्ण होईपर्यंत बिल काढावं लागतं, आणि बिलावरचा कर पैसे आले नाहीत तरी भरावा लागतो. टप्पा केव्हा पूर्ण झाला याची तारीख स्पष्ट हवी, याचं हेही एक कारण.

हक्काकडे वळू, कारण तुमचं खरं भांडवल तिथे आहे. तुमच्या लॅपटॉपवर आता दोन ढीग करा. पहिल्यात तुम्ही आधीपासून वापरत असलेले रिकामे साचे. स्वच्छतेची तपासणी यादी, धोक्यांच्या विश्लेषणाचा तक्ता, तक्रार नोंदवही, प्रशिक्षणाच्या स्लाइड. (नोकरीत असताना केलेले साचे या ढिगात घालू नका, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाचा पहिला मालक कायद्याने नोकरी देणाराच असतो.) दुसऱ्यात या कारखान्यासाठी म्हणून जे लिहाल ते. त्यांच्या बोर्म्याचं तापमान आणि वेळ, गराचा ओलावा पाच टक्क्यांच्या आत आणण्यासाठी त्यांच्याकडे कोण, कधी, कुठे मोजणार, कोणत्या टेबलावर कोणती प्रत निघते. दुसरा ढीग त्यांना द्यायला हरकत नसावी. त्यातली माहितीच मुळात त्यांची आहे आणि दुसऱ्या कोणाच्या ती उपयोगाची नाही. पहिला ढीग दिला तर मात्र पुढच्या गिऱ्हाईकाकडे तुम्ही रिकाम्या हाताने जाल, किंवा तुमचाच तक्ता वापरल्याबद्दल नोटीस येईल.

पत्रात या विषयावर एक अक्षरही नसतं तर तुम्ही जास्त सुरक्षित होता. कॉपीराइट कायद्याच्या, म्हणजे १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे लिहिणारी व्यक्ती पहिली मालक. नोकरीत लिहिलं तर नोकरी देणारा मालक, पण स्वतंत्र सल्लागार नोकर नसते. म्हणूनच त्या ‘अपॉइंटमेंट लेटर’ या मथळ्याला माझी हरकत आहे. मथळ्यावरून कोर्ट निकाल देत नाही हे खरं. पण मथळा नोकरीचा, आत ‘दररोज साडेनऊला हजर राहणे’, ‘प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली काम करणे’, ‘रजेची परवानगी घेणे’ असं सगळं साठलं की ते नाते नोकरीसारखं दिसायला लागतं आणि हक्काचा पायाच सरकतो. मथळा ‘सल्लागार सेवेचा करार’ असा करून घ्या. कामाची पद्धत आणि वेळ तुम्ही ठरवाल, कारखान्यात येण्याचे दिवस दोघे मिळून ठरवाल, असं एक वाक्य घाला.

कंपनीला दुसऱ्या ढिगाचा हक्क द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो, तुमच्या सहीने, आणि कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कुठे, कशाच्या मोबदल्यात हे सांगून. काळ लिहिला नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतो. हे त्यांच्याही वकिलाला सांगा. नीट लिहिलेलं कलम त्यांच्याच फायद्याचं आहे, आणि तुम्ही अडवणूक करत नाही हे त्यातून दिसतं. अजून लिहिलं न गेलेल्या कामाचं हस्तांतर ते काम अस्तित्वात आल्यावरच लागू होतं, आणि त्याला पैशाची अट घालता येते. माझ्या मते सगळ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे:

‘परिशिष्ट अ मधील प्रत्येक कामाचे सर्व कॉपीराइट हक्क, त्या कामाची पूर्ण फी सल्लागाराला मिळाल्या दिवसापासून, कायमसाठी व सर्व देशांसाठी कंपनीकडे जातील. तोपर्यंत कंपनीला ते काम फक्त तपासण्यासाठी वापरता येईल. परिशिष्ट ब मधील साचे सल्लागाराचेच राहतील. ते कंपनीच्या नियमावलीत जिथे आले असतील तिथे, कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यात वापरण्याची व बदलण्याची परवानगी कंपनीला कायम राहील. दुसऱ्याला देण्याची किंवा विकण्याची नाही.’

इंग्रजीत लिहाल तेव्हाही अर्थ हाच राहू द्या. परिशिष्ट ब म्हणजे पहिल्या ढिगाची यादी. फाइलचं नाव आणि एका ओळीत वर्णन एवढं पुरे. साचे स्वतः पाठवू नका, यादी पाठवा. तिच्या प्रत्येक पानावर दोघांच्याही सह्या घ्या. पुढे कधी ‘हा तक्ता तुम्ही आमच्याच पैशांनी केला’ असा प्रश्न आला तर हे एक पान उत्तर देईल.

आणखी एक वाक्य तुमच्या व्यवसायात फार गरजेचं आहे, आणि ते क्वचितच कोणी घालतं. नियमावलीच्या प्रत्येक पानाखाली ‘तयार करणार’ म्हणून तुमचं नाव असणार. दोन वर्षांनी त्यांनी बोर्म्याचं तापमान बदललं, तपासणीची वेळ तासाऐवजी पाळीला एकदा केली आणि नाव तसंच ठेवलं, तर माल परत आल्यावर बोट तुमच्याकडे वळेल. म्हणून, तुमच्याशिवाय मजकूर बदलला तर तुमचं नाव काढायचं, हे लिहून घ्या. हक्क विकले तरी, आपल्या लिखाणाची मोडतोड होऊन नावाला बट्टा लागत असेल तर हरकत घेण्याचा लेखकाचा हक्क कलम ५७ मध्ये राहतोच. पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा पानावरचं नाव खोडून घेणं सोपं.

दोन वर्षं दुसऱ्या कारखान्याचं काम न करण्याची अट करार कायद्याच्या कलम २७ मुळे, करार संपल्यानंतरच्या काळापुरती, भारतात टिकत नाही. म्हणून काही जण ‘राहू दे, कुठे लागू होतेय’ म्हणून सही करतात. तुम्ही करू नका. आपल्याकडे काजूवाले सगळे एकमेकांना ओळखतात. नुसत्या एका नोटिशीने पुढचं गिऱ्हाईक मागे सरतं, नोटीस कायद्यात बसो वा न बसो. मालकांची खरी भीती बहुधा त्यांच्या भाजणीचं गुपित आणि खरेदीदारांची नावं शेजारच्या कारखान्यात पोचण्याची आहे. त्यासाठी गोपनीयतेचं कलम द्या, तीन वर्षांचं द्या, मनापासून पाळा. काम चालू असेपर्यंत त्यांच्या परवानगीशिवाय दुसरा काजू कारखाना घेणार नाही, एवढंही द्यायला हरकत नाही.

आता थांबवण्याच्या कलमाकडे परत येऊ. वरच्या दुरुस्त्या झाल्या असतील तर तिथे फारसं लिहायचं उरत नाही. कंपनीने काम थांबवावं, तो त्यांचा हक्क, पण पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीने. तसाच तुम्हालाही असावा. थांबल्या दिवशी झालेले टप्पे पूर्ण दराने, अर्धवट टप्पा मोजून. मघाचंच उदाहरण घेतलं तर अठरापैकी बारा कार्यपद्धती गेल्या आहेत, म्हणजे एक लाख वीस हजारांचे दोन तृतीयांश, ऐंशी हजार. आधीचे एक लाख ऐंशी हजार मिळालेले. एकूण दोन लाख साठ हजार, आणि तेवढे मिळाले की बारा कार्यपद्धती त्यांच्या. चाळीस हजार आणि दोन लाख साठ हजार यांच्यातला फरक फी वाढवून आलेला नाही. फी तीच आहे, शब्द बदलले. बिल देय तारखेनंतर पंधरा दिवस थकलं तर तुम्ही काम थांबवून ठेवू शकाल आणि पुढच्या तारखा तेवढ्या सरकतील, हेही त्याच कलमात येऊ द्या.

मात्र माझ्या अनुभवात बहुतेक कामं थांबवल्याच्या पत्राने थांबत नाहीत, ती गप्प होतात. फोन उचलला जात नाही, ‘सीझन संपू दे’ म्हणतात, मग पाऊस लागतो, मग चतुर्थी येते. काम चालूही नाही आणि बंदही नाही, आणि बंद नाही म्हणून शेवटचा हिशोबही नाही. यासाठी एक वाक्य हवंच: कंपनीकडून हवी ती माहिती, भेट किंवा उत्तर लेखी मागूनही सलग पंचेचाळीस दिवस मिळालं नाही, तर सल्लागार काम संपलं असं कळवू शकेल आणि हिशोब वरच्याप्रमाणे होईल. मागणी ईमेलने करा. फोनवर झालेलं बोलणंही त्याच संध्याकाळी दोन ओळींच्या मेलने पक्कं करत जा. वाद आलाच तर लवाद पणजीत, आणि लवाद एकट्या कंपनीने नेमायचा नाही, दोघांच्या संमतीने.

मामांच्या ओळखीचं म्हणाल तर तीच तुम्हाला सोपी वाट आहे. मालकांना ‘वकिलाने सांगितलं’ असं म्हणू नका. ‘तुमचा कारखाना बघून कामाची यादी नीट केली आहे, हप्ते त्या यादीला जोडले आहेत, सर्टिफिकेटच्या वेळी माझ्या लिखाणात काही निघालं तर मी फुकट सुधारीन’ असं म्हणा, आणि दुरुस्त पत्र तुम्हीच तयार करून पाठवा. समोर तयार कागद असला की माणूस त्यावरच बोलतो. घासाघीस झाली तर आगाऊ रक्कम एक लाखाची साठ हजार करा आणि उरलेले चाळीस अहवालाच्या हप्त्यात टाका. पैसे मिळाल्यावर हक्क, पंधरा दिवसांत स्वीकृती आणि साच्यांची यादी, या तिन्हींवर मात्र मागे येऊ नका.

सोमवारी डिचोलीला जरूर जा. बूट घाला, केस झाका, आवकपासून डबे भरण्यापर्यंत सगळं फिरून बघा, चहा घ्या. वहीत लिहा, पण अहवाल लिहू नका, आणि साच्यांचा पेनड्राइव्ह घरी ठेवा. ‘फॉरमॅट आजच मेल करा, पोरं भरायला घेतील’ असं प्रॉडक्शन मॅनेजर हमखास म्हणेल. त्याला सांगा, सह्या झाल्या आणि पहिला हप्ता जमा झाला की त्याच दिवशी पाठवते.